बाळ झाल्यावर नवऱ्याचं बोलणं आटलं: दमणूक की दुरावा?

प्रश्न: मॅडम, बाळ साडेपाच महिन्यांचं आहे. पहिलं बाळंतपण म्हणून मी सातव्या महिन्यात गडहिंग्लजला माहेरी गेले, बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर अनगोळला सासरी परत आले. तेव्हापासून हे बदललेत. उद्यमबागेत मशीन शॉपला आहेत, दुसरी पाळी. रात्री साडेअकराला येतात, जेवतात, बाहेरच्या खोलीत झोपतात. मी बोलायला लागले की ‘दमलोय गं’ म्हणतात आणि मोबाईल बघत बसतात. बाळाला घेतात, पण माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. सासूबाई म्हणतात, पुरुष माणूस आहे, दमतोय. माझं मन मानत नाही. प्रेम आटलंय की खरंच दमलेत, हे ओळखायचं कसं?

उत्तर:

माणूस खरंच दमलेला असला की तो सगळ्यांसाठीच दमलेला असतो. पाळी सुटल्यावर मित्रांबरोबर चहाला थांबत नाही, रविवारी कुणी बोलवायला आलं तरी उठत नाही, आवडीची भाजी पानात पडली तरी त्याच्या लक्षात येत नाही. पण सलग तीन-चार रात्री नीट झोप मिळाली की त्याचा सूर बदलतो, आपणहून काहीतरी विचारतो. मन दुरावलेलं असलं तर चित्र वेगळं दिसतं. मित्रांत मोकळा, भावाशी मोकळा, फक्त बायको समोर आली की आवळल्यासारखा, आणि सुट्टीच्या दिवशी पोटभर झोपून उठला तरी तसाच. तिसरी एक शक्यता असते आणि घरात तिच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. झोप मिळाली तरी कशातच जीव रमत नाही, बायकोत नाही, मित्रांत नाही, कामात नाही. ते नैराश्य असू शकतं. बाळ झाल्यावर ते बापालाही येतं.

अडचण अशी की दमणूक असेपर्यंत या तिन्ही गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. तिन्हींत माणूस गप्प, तिन्हींत हातात मोबाईल. म्हणून प्रेम आटलंय का याचा निकाल आज लावू नका. आधी दमणूक काढायची आणि मग काय उरतं ते बघायचं. बावीस वर्षं मी बेळगावात हेच काम करते आहे आणि याहून भरवशाची दुसरी रीत मला सापडलेली नाही.

त्याआधी तुमच्याच पत्रातल्या एका गोष्टीवर थांबते. सातव्या महिन्यात गेलात आणि बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर आलात, म्हणजे पाच-सहा महिने तुम्ही वेगळे राहिलात. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं यात आईच्या हातचा शेक आहे, डिंकाचे लाडू आहेत, बाळंतिणीला हक्काची विश्रांती आहे. मी त्याच्या विरोधात नाही. पण त्या महिन्यांत नवऱ्याचं काय होतं, हे कुणी विचारत नाही. तो दर रविवारी गडहिंग्लजला येतो ते जावई म्हणून. त्याला बाहेर खुर्ची देतात, चहा-पोहे होतात, बाळ दुपट्यात गुंडाळून दहा मिनिटं मांडीवर ठेवतात, ते रडलं की आजी उचलून आत नेते. जेवण झालं की संध्याकाळची एसटी. बायकोशी एकट्यानं बोलायला पाच मिनिटं मिळत नाहीत. तुम्ही त्या तीन महिन्यांत बाळाचं कुठलं रडणं भुकेचं आणि कुठलं झोपेचं हे शिकलात. तो यातलं काही शिकला नाही, कारण शिकायला जागाच नव्हती. मग एके दिवशी तुम्ही आणि बाळ घरी येता, आणि त्याच्याच घरात तो नवखा ठरतो. बाळ उचललं की ‘मान धरा, मान धरा’, लंगोट बदलला की ‘असा नाही’. तुम्ही काळजीनं बोलता. त्याला ऐकू येतं ते एवढंच, की याला काही जमत नाही. असे बरेच पुरुष हळूच बाजूला होतात, आणि मग सगळे म्हणतात, दमलाय.

तुमच्या घरात असंच झालंय, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण ते बाळाला घेतात असं तुम्ही लिहिलंय, आणि त्या ओळीवरून मला वाटतं की दार अजून बंद झालेलं नाही.

आता झोपेची मांडणी. बाळंतिणीची झोप एकूण तासांनी मोजू नका, सलग किती ते बघा. तीन वेळा उठून झालेले सात तास आणि सलग पाच तास यांत मन हलकं होतं ते दुसऱ्यानं. तुमच्याकडे दुसरी पाळी आहे, त्याचा फायदा घ्या. रात्री पावणेनऊला बाळाला पाजा, वाटीत थोडं दूध काढून फ्रीजमध्ये ठेवा आणि नऊला आत झोपा. तिथपासून साडेअकरापर्यंत बाळ सासूबाईंकडे. हे साडेअकराला आले, जेवले, की बारा-साडेबाराला बाळ उठेल तेव्हा ते काढलेलं दूध वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं त्यांनी पाजायचं, ढेकर काढायचा, निजवायचं. दूध कोमट करायला भांडं गरम पाण्यात ठेवायचं, थेट गॅसवर नाही. काढलेलं दूध फ्रीजमध्ये चार दिवसांपर्यंत चालतं. बाहेर चार तासच, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये तेवढंही नको. मग अडीचला उठायची पाळी तुमची. तुम्हाला नऊ ते अडीच झोप मिळाली आणि त्यांना एकपासून सकाळी आठपर्यंत. पहिले तीन-चार दिवस छाती दाटेल, तेव्हा थोडं दूध काढून टाका. गाठ किंवा ताप आला तर लगेच डॉक्टरांकडे जा.

या मांडणीत दोन गोष्टी पाळायच्याच. ते पाजत असताना तुम्ही खोलीतून सूचना द्यायच्या नाहीत. चमचा सांडला, बाळ पाच मिनिटं जास्त रडलं, तरी नाही. बाळाला धोका असेल तेवढंच बोलायचं. दुसरं, ही गोष्ट त्यांना शिक्षा म्हणून सांगायची नाही. ‘मी एकटी मरायलेय इथं’ असं म्हटलंत की ते बचावाला उभे राहतील. ‘मला सलग पाच तास झोपायचंय, रात्रीचं एक दूध तुम्ही पाजाल काय?’ एवढंच विचारा. मागणी छोटी आणि नेमकी असली की नवऱ्याला ती पुरी करता येते.

पंधरा दिवस हे चालवा आणि उशाशी एक छोटी वही ठेवा. रोज तीन ओळी पुरेत: दोघांची सगळ्यात मोठी सलग झोप किती झाली, आज ते आपणहून काय बोलले, आणि मी आपणहून त्यांच्याशी बाळाव्यतिरिक्त काय बोलले. तिसरी ओळ मुद्दाम ठेवली आहे. माझ्याकडे येणाऱ्या बायका पहिल्या दिवशी ‘हे बोलत नाहीत’ म्हणतात आणि आठवड्यानं वही बघून गप्प होतात, कारण त्यांच्या स्वतःच्या ओळीतही ‘औषध आणलं काय’ आणि ‘पाणी तापवा’ एवढंच असतं. दोघंही वाट बघत असतात आणि दोघांनाही वाटतं, दुसऱ्यानं पाठ फिरवली.

वहीत काय शोधायचं ते एका जोडप्याच्या गोष्टीवरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. खानापूर तालुक्यातलं गाव, नवरा डेअरीत कामाला, बायकोचं माहेर चंदगडकडचं. बाळ सात महिन्यांचं. ती म्हणाली, ‘हे माझ्या अंगाला हात लावत नाहीत, जेवायला वाढलं तर मान वर करत नाहीत.’ तो म्हणाला, ‘दमायलोय मॅडम, दुसरं काय नाही.’ त्याचं उठणं पहाटे साडेतीनचं, म्हणजे दमणूक खरी होती. आम्ही झोपेची मांडणी केली. त्याच्या पाळीमुळे ती उलटी बसली, संध्याकाळी सात ते अकरा बाळ त्याच्याकडे आणि पहाट तिची.

दहाव्या दिवसापर्यंत वहीत चांगलं बरंच दिसायला लागलं. तिची सलग झोप दोन तासांवरून साडेचारवर गेली, ती बहिणीशी फोनवर हसायला लागली. तो गावात पुन्हा व्हॉलीबॉलला जायला लागला, बाळाला घेऊन देवळापर्यंत फिरून यायला लागला. पण ‘आपणहून काय बोलले’ ही ओळ दोघांचीही रिकामी. बाराव्या दिवशी तिनं लिहिलं होतं, ‘आज त्यांनी बाळाला हसवलं. मी आत आले तसे गप्प झाले.’ मला त्या एका ओळीत उत्तर दिसलं. दमणूक गेली होती. माणूस सगळीकडे परतला होता, फक्त तिच्यासमोर नव्हता. म्हणजे दोघांच्या मध्ये काहीतरी होतं.

ते काय होतं, हे समजायला पुढच्या दोन भेटी लागल्या. कळा सुरू झाल्या त्या रात्री तिच्या भावानं फोन केला होता. हा दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पोचला. तोवर सिझेरियन झालं होतं, कागदावर सही भावानं केली होती. दारातच भाऊ म्हणाला, ‘आता आलासा होय?’ तो काही बोलला नाही. तिनंही पुढं कधी विषय काढला नाही, पण मनात धरून ठेवलं, की मी मरणाच्या दारात होते आणि हे झोपले होते. मी त्याला म्हटलं, कारण सांगू नका, ती रात्र तासागणिक सांगा. फोन किती वाजता आला, तुम्ही कुठं बसला होता, मग काय केलं. आणि तिला म्हटलं, दहा मिनिटं मध्ये बोलायचं नाही. त्याला फोन आला तो रात्री दीडला. गाडी मागायला दोन घरी गेला, मिळाली नाही. मग घोंगडं अंगावर घेऊन चालत निघाला, खानापूरच्या बसस्टँडवर पोचला आणि पहिल्या गाडीची वाट बघत पावसात बसून राहिला. फोनची बॅटरी संपलेली. दारात भावाचं ते वाक्य ऐकलं आणि वाटलं, आपण कमी पडलो ते खरंच आहे. तेव्हापासून तिच्याकडे बघितलं की त्याला तेच आठवायचं. तिनं विचारलं ते एवढंच, ‘पावसात बसला होतासा? मला सांगितलं का नाहीसा?’

लगेच सगळं सुरळीत झालं नाही. अजून तीन महिने जड गेले, मधल्या काळात भावाशी एक कडाक्याचं भांडणही झालं. पण वहीतली ती ओळ भरायला लागली.

तुमच्याकडे अशी एखादी गाठ आहे काय, हे बाळंतपणाचे दिवस आठवून तपासा. प्रसूतीच्या दिवशी कोण कुठं होतं, बारशात कुणाचा मान राहिला, बाळाचं नाव कुणी ठरवलं, दवाखान्याचा खर्च कुणी भरला, माहेराहून परत यायला एक महिना जास्त का लागला. सीमेच्या दोन्ही बाजूंची घरं एकत्र येतात तेव्हा रीतीभातीचे छोटे फरकही अपमान म्हणून लक्षात राहतात. पंधरा दिवसांत दमणूक उतरूनही ते फक्त तुमच्यासमोरच आवळलेले राहिले, तर यातलं काहीतरी विचारायला हवं. ‘तुम्ही बदललात’ अशी सुरुवात करू नका. ‘त्या दिवशी तुम्हाला काय वाटलं, मला कधी सांगितलंच नाही’ अशी करा. मोबाईल दुसऱ्या खोलीत, सासूबाई झोपलेल्या, वेळ पंधरा मिनिटं. उत्तर लगेच आलं नाही तरी चालेल. दोन दिवसांनी गाडीवर, मागं बसलेल्या तुमच्याकडे न बघता येईल कदाचित. पुरुषांचं बरंच बोलणं असं शेजारी बसून किंवा पाठमोरं होतं.

बाहेरच्या खोलीत झोपण्याबद्दल. बरेचदा तो निर्णय नवऱ्याचा नसतोच. बाळाच्या रडण्यानं झोपमोड नको म्हणून घरातली मोठी माणसं अंथरुण बाहेर घालतात, आणि मग कुणीच ते आत आणत नाही. तो रागावून बाहेर झोपतोय असं तुम्ही समजता, आपल्याला बाहेर काढलंय असं तो समजतो. बारा-साडेबाराचं दूध त्यांनी पाजायला घेतलं की अंथरुण आपसूक आत येतं, हा त्या मांडणीचा माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा. शरीरसंबंधाचं म्हणाल तर ते मोजमाप आत्ता लावू नका. अंगावर पाजत असताना इस्ट्रोजेन कमी राहतं, त्यामुळे इच्छा कमी होणं आणि कोरडेपणामुळे दुखणं हे साडेपाच महिन्यांनंतरही होतं. त्यावर उपाय आहेत, स्त्रीरोगतज्ज्ञांना मोकळेपणानं सांगा. बदल बापाच्या शरीरातही होतो. फिलिपिन्समध्ये झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाप झालेल्या पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन लक्षणीय उतरलेलं दिसलं, आणि रोज तीन तास किंवा जास्त बाळात रमणाऱ्यांचं आणखी कमी. हात न लावणं म्हणजे मन उडालं, असा अर्थ त्यावरून काढता येत नाही. शेजारी बसणं, नाव घेऊन हाक मारणं, ताट वाढल्यावर वर बघणं, हे मात्र दमलेल्या माणसालाही जमतं. वहीत त्यावर लक्ष ठेवा.

तुमची स्वतःची तपासणीही करून घ्या, हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या होत्या, आणि बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉइड बिघडणं नवीन नाही. रक्त कमी असलं की समोरच्याचं साधं वाक्यही बोचतं. तुम्हाला दिसणारा दुरावा त्यामुळे खोटा ठरत नाही, पण तो किती खोल आहे याचा अंदाज चुकू शकतो.

तिसरी शक्यता सुरुवातीला सांगितली ती. झोप मिळूनही ते दोन आठवडे सतत चिडलेले किंवा निर्विकार राहिले, मित्र सुटले, जेवण सुटलं, दारू वाढली, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं काही बोलले, तर ते तुमच्या नात्याचं दुखणं म्हणून बघू नका. बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना बापांमध्ये हे जास्त आढळतं, आणि बाईसारखा तो रडत नाही, चिडतो, म्हणून ओळखू येत नाही. बाळंतिणींसाठी एडिनबरा इथं १९८७ मध्ये तयार झालेली दहा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, ती डॉक्टर बापासाठीही वापरतात. दहावा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचाराबद्दल आहे. तिथं ‘कधीच नाही’ सोडून दुसरं काहीही उत्तर आलं तर त्याच दिवशी हालचाल करायची. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे, आणि आपल्यापासून जवळ धारवाडची मानसिक आरोग्य संस्था आहे. हेच विचार तुमच्या मनात येत असतील तर हे सगळं तुम्हालाही तितकंच लागू.

मारहाण, धमकी, पैसे अडवणं किंवा दुसऱ्या बाईची ठोस खूण यांतलं काही असेल तर मी सांगितलेली झोपेची आणि वहीची रीत लावूच नका. ती दोन भल्या पण दमलेल्या माणसांसाठी आहे. तेव्हा महिला हेल्पलाइनच्या १८१ ला फोन करा आणि माहेरी कळवा.

तुमच्या पत्रावरून मला दमणूक आणि माहेरच्या महिन्यांत पडलेलं अंतर, दोन्ही दिसतंय. प्रेम आटल्याची खूण अजून एकही दिसलेली नाही. पण मी त्यांना पाहिलेलं नाही. पंधरा दिवसांनी वही घेऊन या. शक्यतो दोघं या, वेळ सकाळची ठेवू, म्हणजे दुसऱ्या पाळीला ते पोचतील. ते नाही म्हणाले तर तुम्ही एकट्या या, आणि येताना बाळाला आणा.